डबा कोणाचा, कूलर कोणाचा: दोघंही नोकरीवर असताना घरकामाची वाटणी

कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं की पंपाचा आवाज बदलतो. आधी गुळगुळ करतो, मग कोरडा घरघरतो, आणि पाच मिनिटांत पंख्यातून भट्टीसारखा वारा यायला लागतो. मे महिन्यातल्या एका रात्री साडेअकराला आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या घरात तो आवाज आला. बायको उठली, बाल्कनीत गेली, नळी लावली. मी पडल्या पडल्या म्हणालो, "अगं, सांगायचं ना, मी भरलं असतं."

ती टाकी भरेपर्यंत काही बोलली नाही. आत येऊन म्हणाली, "तू भरलं असतंस, मला माहीत आहे. पण पाणी संपत आलंय हे पाहायचं मीच, तुला सांगायचंही मीच. मग भरायचं तेवढं काय राहिलं?"

नवीन लग्न झालेल्या आणि दोघंही नोकरी करणाऱ्या मंडळींसाठी हा लेख लिहितोय. ते वाक्य मला पहिल्याच वर्षी कळलं असतं तर बरंच भांडण वाचलं असतं. आपण वाटणी करतो ती हातांच्या कामाची. लक्षात ठेवायचं काम एकाच डोक्यात राहतं आणि खदखद तिथूनच सुरू होते. मग हिशेब सुरू होतो: काल भांडी मी घासली, परवा दूध मी आणलं.

आकड्यांचं एकदाच सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. ते ८८ मिनिटं करणारेही स्वतःला "बरीच मदत करतो" असंच समजतात. मीही समजत होतो.

पहिली पायरी: एकच आठवडा लिहा, मग कागद फाडा

हिशेब ठेवायचा नाही म्हणतोय आणि लिहायला सांगतोय, हे विचित्र वाटेल. पण एकदा मोजमाप घेणं वेगळं आणि रोज गुण देणं वेगळं. शिंपी माप एकदाच घेतो.

सोमवार ते रविवार फ्रिजवर दोन कागद लावा, एकेकाचा स्वतंत्र. आपण केलेलं काम आणि अंदाजे मिनिटं लिहायची. लक्षात ठेवलेली गोष्टही लिहायची, हा महत्त्वाचा भाग. आमच्या पहिल्या आठवड्यात माझ्या कागदावर "गिझर बंद केला" हेसुद्धा होतं, यावरून माझी उमेद लक्षात यावी. तिच्या कागदावर मंगळवारी रात्रीची ओळ होती: "उद्या पीटी, पांढरे बूट. आठवलं. पुसले. मोजे सापडेना. सापडले." मुलगा दुसरीत आहे. दर बुधवारी पीटी असते हे मला त्या कागदावरून कळलं.

आठवणीवर विसंबू नका, तर लिहा, याला कारण आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून घरातल्या निरनिराळ्या गोष्टींत तुमचा वाटा किती, असं त्यांनी विचारलं. दोघांच्या वाट्याची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. आणि ही नुसती बढाई नव्हती. भांडण सुरू करण्यासारख्या वाईट गोष्टींतही माणसं आपला वाटा जास्तच सांगत होती. स्वतः केलेलं आतून आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. त्यामुळे "मीच जास्त करतो" असं दोघांनाही एकाच वेळी अगदी मनापासून वाटू शकतं. रोजचा हिशेब ठेवला तर तो याच वाकड्या तराजूवर तोलला जातो, म्हणून तो कधी मिटत नाही.

दुसरी पायरी: अर्धं-अर्धं करायचं ते काय?

कामं निम्मी निम्मी वाटायची नाहीत. बाहेरचे तास अधिक घरातले तास अशी प्रत्येकाची बेरीज करायची आणि ती जवळ आणायची. आमचंच उदाहरण घ्या.

मी बुटीबोरीच्या कारखान्यात आहे. कंपनीची बस सकाळी सात दहाला आणि संध्याकाळी घरी सहा दहाला, म्हणजे रोज अकरा तास, आठवड्याचे सहा दिवस, एकूण ६६. ती सदरला बँकेत आहे. उज्ज्वलनगरहून मेट्रोने कस्तुरचंद पार्क, तिथून पायी. तिचे घराबाहेरचे तास रोज साडेनऊ. दुसरा आणि चौथा शनिवार सुटी, म्हणून सरासरी साडेपाच दिवस धरले तर सव्वाबावन्न. इथपर्यंत मी खुशीत होतो.

मग तिने विचारलं, "बसमध्ये तू काय करतोस?" मी झोपतो. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. ती मेट्रोत उभी असते. थोडी घासाघीस होऊन बसचा निम्मा वेळ वजा करायचं ठरलं, म्हणजे आठवड्याचे साडेचार तास. माझे राहिले साडेएकसष्ट. घरकाम माझं साडेसहा तास, तिचं सत्तावीस. म्हणजे मी ६८ आणि ती सव्वाएकोणऐंशी. फरक सव्वाअकरा तासांचा. त्याच्या निम्मं, म्हणजे साधारण साडेपाच तासांचं काम तिच्याकडून माझ्याकडे यायला हवं होतं.

हा आकडा निघाला की बोलण्याचा सूर बदलतो. "तू काहीच करत नाहीस" आणि "मी दिवसभर राबतो" ही दोन्ही वाक्यं तिथे टिकत नाहीत. आता फक्त साडेपाच तासांत काय काय बसवायचं एवढंच उरतं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर सोडून द्या, सोनं तोलत नाही आपण.

तुमच्याकडे बेरीज उलटीही निघू शकते. एकाची नोकरी बारा तासांची आणि दुसऱ्याची घरून असेल तर घरच्याने जास्त करणं रास्तच आहे. फक्त घरून काम म्हणजे घरी मोकळा, असं धरू नका. मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्ट्या मोजणं हे दोन्हीकडून काम आहे.

तिसरी पायरी: काम मुळासकट द्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबतो.

अ‍ॅलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घरातल्या डोक्याच्या कामाचे चार तुकडे पाडून दाखवले: काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि शेवटी झालं का ते पाहणं. त्यांना असं दिसलं की ठरवायला जोडपी बऱ्याचदा एकत्र बसतात, पण पहिला आणि शेवटचा तुकडा बहुतेक बायकांकडेच राहतो. तो कुठेच दिसत नाही आणि त्याला वेळ ठरलेली नसते. आंघोळ करतानाही तो चालू असतो.

म्हणून "भाजी चिरून देतो" ही वाटणी नव्हे. "डब्याची भाजी माझी" ही वाटणी. आमच्याकडे ती माझ्याकडे आली. त्यात काय काय येतं ते उलगडून सांगतो.

फ्रिजमध्ये काय उरलंय हे बुधवारी सकाळीच पाहायचं, कारण संध्याकाळी बसमधून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून भाजी घ्यायची असते. मोठी खरेदी रविवारी. पालेभाजी आणली की पहिल्या दोन दिवसांत संपवायची. नागपूरच्या उन्हाळ्यात पालक-मेथी दुसऱ्या दिवशीच मान टाकते. मधल्या दिवसांत भेंडी, दोडकी, चवळीच्या शेंगा. दुधी आणि आलू शेवटी, ते वाट पाहतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणल्याबरोबर निवडून, कोरडा करून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवायचा. ओला ठेवला की काळा पडतो. रात्री पंधरा मिनिटं चिराचिरी, सकाळी सव्वासहाला वीस मिनिटांत फोडणी आणि भाजी. तिखट कमी घालून मुलाची वाटीभर आधी बाजूला काढायची, मग आपलं. पोळ्या तिच्या, पूर्णपणे तिच्या. कणकेचा डबा तळाला गेलाय का हे मी पाहत नाही.

खर्ची पडणारा वेळ असा: भाजी आठवड्याला साडेतीन तास, खरेदी एक तास, आणि कूलर एक तास दहा मिनिटं. पाच तास चाळीस मिनिटं. जमलं.

काम मुळासकट गेलं की नाही हे ओळखायची साधी खूण आहे. ज्याच्याकडे काम आहे तो दुसऱ्याला किती प्रश्न विचारतो ते ऐका. पहिल्या आठवड्यात मी रोज रात्री विचारायचो, "उद्या कोणती करू?" मला वाटायचं मी तिचं मत घेतोय. तिने चौथ्या दिवशी सांगितलं, "तू विचारतोस म्हणजे ठरवायचं मलाच ना?" तेव्हापासून विचारत नाही. चुकतो. एकदा कॉटन मार्केटला स्वस्त मिळाले म्हणून पाच किलो टमाटर घेऊन आलो आणि आठवडाभर घरात टमाट्याचं सार, टमाट्याची चटणी, आणि शेवटी सडका वास. कोणी काही म्हणालं नाही, आणि तेच बरोबर होतं.

चौथी पायरी: "झालं" म्हणजे काय ते आधी ठरवा

नवऱ्याचं झालेलं काम बायकोला अर्धवट दिसतं, किंवा उलट. मग ती पुन्हा करते, तो म्हणतो "मग मी करूच नको", आणि काम परत जुन्या जागी. हे टाळायला प्रत्येक कामाची शेवटची रेघ दोघांनी मिळून आखायची, कमीत कमी किती ते. रात्रीची भांडी झाली म्हणजे: गंज-कुकर घासलेले, ओटा पुसलेला, सिंकच्या जाळीतलं खरकटं ओल्या कचऱ्यात टाकलेलं. चमच्यांचा क्रम, ताटं कोणत्या दिशेला, हे ज्याचं काम त्याच्या मर्जीवर. ज्याला रेघेच्या वरचं हवं त्याने ते स्वतः हौसेने करावं आणि त्याचे तास मोजू नयेत.

कूलरची रेघ मात्र हौसेवर सोडता येत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत मार्च-एप्रिलमध्ये कूलर उतरवणं, खस बदलणं, पंपाला तेल-पाणी हे पुरुषाचं काम समजतात. वर्षातून एकदा, दोन तास, आणि त्याची चर्चा चार दिवस. रोजचं पाणी भरणं मात्र जो घरात दिसेल त्याच्यावर येतं, म्हणजे तिच्यावर. मी कूलर पूर्ण घेतला तेव्हा ठरलं ते असं: संध्याकाळी आल्यावर आणि झोपायच्या आधी टाकी पाहायची, पाच मिनिटं धरा. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासायच्या, पस्तीस मिनिटं. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. डेंगीचा एडिस डास पाण्याच्या रेषेजवळ टाकीच्या भिंतीवर अंडी घालतो. ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची घासणी चुकवायची नाही. मोसम संपला आणि कूलर बंद केला की टाकी कोरडी करून, घासून, पालथी नाही तर झाकून. सगळ्यांत जास्त विसर इथेच पडतो, कारण गरज संपलेली असते.

म्हणजे चव, घडी, क्रम यात ढवळाढवळ नको. गॅस, औषध, साठलेलं पाणी, मुलाची बस यात रेघ कडक.

पाचवी पायरी: पडू द्या

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी मी भाजी आणायला विसरलो. रात्री नऊला फ्रिज उघडला तर दोन आलू आणि अर्धं लिंबू. ती बाहेरच्या खोलीत होती, तिला दिसलं. पूर्वी ती चप्पल घालून खाली गेली असती. ती पेपर वाचत बसली. सकाळी तिघांच्या डब्यात दोन आलूंची काचऱ्या भाजी, मुलाच्या डब्यात वर गूळ-तूप-पोळीचा रोल. संध्याकाळी मुलगा म्हणाला रोल मस्त होता. भाजी मात्र दोघांनाही पुरली नव्हती, मला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये समोसा खावा लागला.

दुसऱ्याच्या कामात सावरायला जायचं नाही, हे सांगायला सोपं आणि करायला फार कठीण. पण सावरलं की सावरणाऱ्याच्या डोक्यात काम परत येतं, शिवाय उपकाराची एक नोंद होते. अपाय होणार असेल तरच हात घालायचा. पोराचा ताप, बाहेर राहिलेलं दूध, उघडा गॅस, तिथे कोणाचं काम ते बघत बसू नका. एका दिवसाची फिकी भाजी हा अपाय नाही.

आणि मुद्दाम वाईट करून काम टाळायची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे. तीन आठवडे तेच तेच बिघडत असेल, तर ते विसरणं नव्हे. ते टेबलावर मांडायचं.

टेबल कधी? आमचं रविवारी सकाळी, तर्री-पोहे झाल्यावर, पंधरा मिनिटं. दोनच प्रश्न: या आठवड्यात कोणतं काम जड गेलं, आणि पुढच्या आठवड्यात काय वेगळं आहे. पाहुणे, ऑडिट, शाळेचं गॅदरिंग, माझी रात्रपाळी. मागच्या मंगळवारी कोणी काय केलं नाही, हा विषय बंद. मध्येच कोणाला काही खुपलं तर रविवारपर्यंत ठेवायचं. रविवारी ते आठवलंच नाही तर ते तेवढंच होतं. एकजण आजारी पडला किंवा महिनाअखेरीला बँकेत अडकला तर दुसरा करतो, आणि ते परत फेडायचं नसतं. सलग महिनाभर तसंच चाललं तर मात्र बेरीज पुन्हा काढायची.

दोन गोष्टी नवीन जोडप्यांच्या हमखास सुटतात. पहिली कामवाल्या बाई. बाई लावल्या म्हणजे काम गेलं असं नाही. त्यांचा पगार, सुट्या, दिवाळीचं, "उद्या येणार नाही" हा सकाळी पावणेसातचा फोन, हे सगळं एक स्वतंत्र काम आहे आणि ते कोणाचं हे आधी ठरवा. बाई न आल्यास काय, हेही आधीच. आमच्याकडे सकाळची भांडी ती, रात्रीची मी, झाडू-पोछा त्या दिवशी रद्द. सकाळी पावणेसातला ठरवायला बसलात की भांडण नक्की.

दुसरी सासर-माहेर. माझी आई आली की पहिल्या दिवशी म्हणाली, "अरे, तू काऊन फोडणी देतोस? ती आहे ना." इथे बायकोने उत्तर द्यायचं नाही, ज्याची आई त्याने द्यायचं, आणि तत्त्वज्ञान सांगत बसायचं नाही. मी म्हटलं, "आई, डब्याची भाजी माझ्याकडे आहे. दोडक्यात तू चण्याची डाळ किती घालतेस ते सांग." आईने सांगितलं, वर उभं राहून फोडणीही पाहिली. गेल्यावर मावशीला फोनवर कौतुक माझंच झालं. भाजीचं. पोळ्यांचं कोणी बोललं नाही, त्या बारा वर्षं होतायत. तेव्हा ज्याचं कौतुक होतं त्याने ते दुसऱ्यापर्यंत आणायचं, एवढं भान असू द्या. मी त्या रात्री तिला ते सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "मग उद्या पोळ्या कर, होईल कौतुक."

ऑक्टोबरमध्ये कूलर बंद होतो आणि माझ्याकडचे एक तास दहा मिनिटं मोकळे होतात. ते माझे नाहीत. दसऱ्याच्या सुमारास आम्ही पुन्हा कागद काढतो. गेल्या वर्षी त्या जागी मुलाचा बुधवार आला: पीटीचे बूट, मोजे, पाण्याची बाटली. मोजे अजून मला एका हाताने सापडत नाहीत.